विम्याचे प्रवेशपान उघडत नाही : कुकी, संमतीची पट्टी आणि साठलेला साइट डेटा

प्रेषक : सुषमा (सध्या विलेपार्ले)

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

यंदाच्या सुट्टीत मी आईकडे मुंबईला आले आहे. तिच्या आरोग्य विम्याचे नूतनीकरण करायचे आहे. तिच्या लॅपटॉपवर क्रोममध्ये विमा कंपनीच्या संकेतस्थळावरील ग्राहक-प्रवेशाचे पान उघडले, की कोऱ्या पानावर एवढाच मजकूर दिसतो :

```
400 Bad Request
Request Header Or Cookie Too Large
nginx
```

कंपनीचे मुखपृष्ठ व्यवस्थित उघडते, प्रवेशाचे पानही माझ्या फोनवर उघडते, परंतु आईच्या लॅपटॉपवर ते कशानेही उघडत नाही. पान पुन्हा पुन्हा ताजे करून पाहिले, क्रोम बंद करून उघडले, लॅपटॉपही बंद करून सुरू केला. कंपनीच्या मदतकेंद्राने "तुमचे इंटरनेट तपासा" असे सांगितले. पॉलिसीची मुदत संपत आल्यामुळे आईला घोर लागला आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

आपली,
सुषमा

प्रेषक : विनायक (दादर)

सुषमाताई, यावर माझा अनेक वर्षांचा उपाय आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एन ही बटणे एकत्र दाबून इन्कॉग्निटो विंडो उघडा आणि काम तिथेच करा. मी महत्त्वाची सर्व कामे त्यातच करतो, कारण तिथे कोणताही मागमूस राहत नाही. आमच्या गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावरसुद्धा मी पॉलिसीची प्रत अशीच उतरवून घेतो. मूळ दोष काढायचा असेल, तर ब्राउझरचा सगळा इतिहास, सगळ्या कुकी आणि जे जे काही साठले आहे ते "All time" निवडून एकदा पुसून टाकावे. ब्राउझर नव्यासारखा होतो.

विनायक

प्रेषक : शैलजा (अ‍ॅमस्टरडॅम)

सुषमा, संदेशातच लिहिले आहे की कुकी फार मोठी झाली. कुकींसाठी संमती विचारणारी जी पट्टी पानावर येते, तिच्यावर आईंनी "Accept all" दाबले असणार, त्याचाच हा परिणाम आहे. मी नेहमी नाकारते. तरीही माझी अडचण अशी, की एका मराठी दैनिकाची पुरवणी मी पंधरा-वीस दिवसांतून एकदा आयफोनवर वाचते आणि प्रत्येक वेळी तीच पट्टी पुन्हा समोर येते. एकदा स्पष्ट नकार दिल्यानंतर पुन्हा विचारण्याचा अधिकार त्यांना आहे का? युरोपच्या न्यायालयाने आधीच खूण केलेल्या चौकटीला संमती मानता येणार नाही, असा निकाल १ ऑक्टोबर २०१९ रोजी दिला आहे, आणि तुमच्याकडेही २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे.

शैलजा

प्रेषक : रवींद्र (बोरिवली)

सुषमाताई, तुमच्या इंटरनेटमध्ये दोष नाही. निवृत्तीपूर्वी मी सर्व्हर सांभाळण्याचेच काम करत असे आणि हा संदेश माझ्या परिचयाचा आहे. तो तुमच्या ब्राउझरने नव्हे, तर कंपनीच्या सर्व्हरने दिलेला आहे.

संकेतस्थळ ब्राउझरकडे ज्या कुकी ठेवायला देते, त्या सर्व कुकी ब्राउझर पुढच्या प्रत्येक मागणीसोबत एकाच ओळीत जोडून परत पाठवतो. ब्राउझर साधारण चार किलोबाइटपर्यंतची एक, अशा एका संकेतस्थळाच्या शंभराहून अधिक कुकी सांभाळू शकतो. परंतु एनजिनएक्स हा सर्व्हर, कोणी मुद्दाम मर्यादा वाढवली नसेल, तर ही सबंध ओळ आठ किलोबाइटांपर्यंतच स्वीकारतो. म्हणजे साठवणाऱ्याची मुभा मोठी आणि स्वीकारणाऱ्याची लहान, आणि दोन्ही बाजू आपापल्या नियमाने बरोबरच वागत असतात. पान ताजे केल्याने काही होत नाही, कारण त्याच कुकी तशाच पुन्हा पाठवल्या जातात. कंट्रोल-शिफ्ट-आर दाबल्यावरही चित्रे आणि फाइली नव्याने येतात, कुकींना मात्र हात लागत नाही.

विनायकरावांची इन्कॉग्निटोची सूचना तपासणीसाठी उत्तम आहे, म्हणून ती आधी करावी. खासगी विंडो कुकींविना सुरू होते आणि क्रोममध्ये त्या विंडोत एक्स्टेन्शनही आपण परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत. तिथे पान उघडले, तर दोष साठलेल्या डेटात किंवा एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये आहे असे समजावे. या संदेशाच्या बाबतीत तो डेटातच असणार. तिथेही उघडले नाही, तर पुसापुशी करून काही साधणार नाही.

मात्र "मागमूस राहत नाही" हे अर्धेच खरे आहे, विनायकराव. सर्व खासगी विंडो बंद केल्यावर कुकी आणि इतिहास जातो, परंतु उतरवलेली फाइल जिथे उतरली तिथेच राहते. त्या दुकानातल्या संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये आपल्या पॉलिसीच्या प्रती आजही असू शकतात. आज जाऊन त्या काढून टाकाव्यात आणि रीसायकल बिनही रिकामा करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीपासून किंवा ज्या संकेतस्थळावर आपण प्रवेश केला त्याच्यापासून खासगी विंडो काहीही लपवत नाही.

"All time" निवडून सगळे पुसण्याचा सल्ला तर मी आईंच्या लॅपटॉपसाठी मुळीच देणार नाही. त्याने एका संकेतस्थळाचा दोष जाईल, परंतु त्या जवळजवळ सर्वच ठिकाणांहून बाहेर पडतील, त्यांचा लॅपटॉप ओळखीचा मानणाऱ्या बँकेला तो पुन्हा अनोळखी वाटेल, आणि घाईत पासवर्डच्या चौकटीवर खूण झाली तर जतन केलेले पासवर्डही जातील. खाते जोडलेले असेल तर इतर उपकरणांवरूनही जातील.

पुसण्यापूर्वी एक गोष्ट पाहून ठेवाल का? तो 400 चा संदेश दिसत असलेल्या पानावर असतानाच एफ-१२ दाबावे, "Application" मध्ये "Cookies" खाली त्या संकेतस्थळाचे नाव निवडावे आणि कुकींची नावे व "Size" हा स्तंभ पाहावा. नावे आणि आकारच इथे कळवा. "Value" या स्तंभातील मजकूर किंवा त्याचे छायाचित्र यादीवर पाठवू नये, कारण प्रवेशाची खूण त्यातच असते.

रवींद्र

प्रेषक : सुषमा

रवींद्रकाका, आपण सांगितले तसे केले. इन्कॉग्निटोमध्ये पान लगेच उघडले. कुकींच्या यादीत "nonce" हा शब्द असलेल्या आणि पुढे निरनिराळी लांबलचक अक्षरे असलेल्या २१ कुकी आहेत, प्रत्येकीचा आकार ३५० च्या आसपास. बाकीच्या, "_ga" वगैरे धरून, सगळ्या मिळून ११५० भरतात.

आईशी बोलल्यावर असे कळले, की ओटीपी वेळेवर येत नसल्यामुळे ती पान बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत असे, आणि हे बरेच दिवस चालले होते.

प्रेषक : रवींद्र (बोरिवली)

हिशेब इथेच लागतो. २१ गुणिले ३५० म्हणजे ७३५०, त्यात ११५० मिळवले की ८५०० बाइट होतात, आणि आठ किलोबाइट म्हणजे ८१९२. प्रवेशाचा प्रत्येक प्रयत्न सुरू होताना हे संकेतस्थळ नव्या नावाची एक कुकी देते आणि प्रवेश पूर्ण झाला तरच ती काढून घेते. ओटीपीपाशी सोडलेला प्रत्येक प्रयत्न अशी एक कुकी मागे ठेवून गेला. मुखपृष्ठ उघडत राहिले, कारण या कुकी फक्त प्रवेशाच्या उपसंकेतस्थळालाच पाठवल्या जातात.

अशा कुकी सहसा ब्राउझर बंद होईपर्यंतच्या असतात. मग क्रोम बंद करूनही त्या का राहिल्या? सेटिंगमधील "On startup" खाली "Continue where you left off" निवडलेले आहे का, ते पाहावे. ते निवडलेले असेल, तर क्रोम जुनी पाने उघडून देताना त्यांच्या तात्पुरत्या कुकीही जिवंत ठेवतो.

आता पत्त्याच्या चौकटीत `chrome://settings/content/all` असे लिहून एंटर दाबा, शोधाच्या जागी कंपनीचे नाव लिहा आणि समोरच्या कचरापेटीच्या खुणेने त्या मुख्य नावाखालचा सगळा डेटा काढा. केवळ उपसंकेतस्थळाचा डेटा काढला, तर मुख्य नावावर ठेवलेल्या कुकी मागे राहतात आणि त्याही ओळीत मोजल्या जातात. त्याआधी विम्याचा एखादा अर्ज अर्धवट भरलेला नाही ना, हे आईंना विचारावे, कारण काही संकेतस्थळे असे मसुदे ब्राउझरमध्येच ठेवतात आणि ते परत मिळत नाहीत.

शैलजाताई, संमतीचा या बिघाडाशी फारसा संबंध नाही. प्रवेशाच्या कुकी अत्यावश्यक गणल्या जातात आणि "Reject" दाबले तरी त्या ठेवल्या जातातच. "Accept all" ने वाढल्या त्या "_ga" सारख्या मोजणीच्या कुकी, ज्या या ८५०० मध्ये अल्प आहेत. नाकारण्याची आपली सवय मात्र योग्यच आहे, आणि आईंनाही मी तीच लावीन.

आपल्या पट्टीविषयी असे वाटते, की आपला नकारसुद्धा एका कुकीतच लिहिला जातो. पानातील स्क्रिप्टने लिहिलेल्या कुकीचे आयुष्य सफारी जास्तीत जास्त सात दिवसांचे ठेवतो. आपण पंधरा-वीस दिवसांनी गेलात की नकाराची नोंद उरलेली नसते आणि दैनिकाच्या लेखी आपण नवीन वाचक असता. तीच नोंद त्यांच्या सर्व्हरने ठेवली असती, तर ती बहुधा टिकली असती. ते नेमके काय करतात, हे त्यांचे पान पाहिल्याशिवाय मला सांगता येणार नाही.

रवींद्र

प्रेषक : शैलजा (अ‍ॅमस्टरडॅम)

कारण पटले, रवींद्रजी, परंतु समाधान झाले नाही. नोंद टिकत नसेल, तर न टिकणाऱ्या नोंदीचा अर्थ नकार असाच धरावा. पुन्हा विचारून वाचकाला थकवणे म्हणजे संमती मिळवणे नव्हे. मी दैनिकाला लिहिते आहे.

प्रेषक : सुषमा

डेटा काढल्यावर पान पहिल्याच प्रयत्नात उघडले. पट्टी पुन्हा आली, आईने स्वतः "Reject all" दाबले आणि नूतनीकरण झाले. "Continue where you left off" खरोखरच निवडलेले होते. आईला जुनी पाने तशीच उघडलेली आवडतात, म्हणून ते तसेच ठेवले आहे. ओटीपी उशिरा येण्याचा प्रश्न कायम आहे, त्यामुळे कुकी पुन्हा साठतील, हे मी तिला `chrome://settings/content/all` या पत्त्यासह वहीत लिहून दिले आहे. मदतकेंद्राला २१ कुकींचा हिशेब कळवला. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.

प्रेषक : विनायक (दादर)

रवींद्रजी, दुकानात जाऊन आलो. डाउनलोड फोल्डरमध्ये माझ्या दोन पॉलिसी होत्या, त्या काढल्या आणि रीसायकल बिनही रिकामा केला. त्याच फोल्डरमध्ये इतर लोकांची आधार कार्डेही पडलेली होती. दुकानदाराला मी ती दाखवली आणि त्याने माझ्यासमोरच सगळी काढून टाकली.