अनुभव धागा: जुनी कागदपत्रं कधी टाकलीत, आणि कुठल्या कागदाने वाचवलं?

अवनी_प
आईबाबा मोठं घर सोडून दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जाताहेत. बाबांनी १९७८ पासूनचं चिठोरंसुद्धा टाकलेलं नाही. प्राप्तिकराची विवरणपत्रं, फॉर्म १६, घराचे करारनामे, विजेची बिलं, आम्हा भावंडांचे दाखले, शिवाय आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. "काय काय ठेवावं" अशा याद्या वाचून झाल्या. मला तुमचे अनुभव हवे आहेत. कुठला कागद टाकला आणि काही बिघडलं नाही, आणि कुठला कागद वीस वर्षांनी अचानक कामी आला?

रोखठोक
सात वर्षं. कायदाच आहे. सात वर्षं झाली की बिनधास्त फाडा. आमच्याकडे दर दिवाळीला हा कार्यक्रम असतो. घराचे पेपर तेवढे लॉकरमध्ये. विषय संपला.

हिशेबनीस
रोखठोक, सात वर्षं असा आकडा कायद्यात नाही, पण तुम्ही फार चुकीचेही नाही. मी सांगलीत कर सल्ल्याचं काम करते आणि हा प्रश्न दर मार्चमध्ये येतो. १ सप्टेंबर २०२४ पासून जुनं प्रकरण उघडायची नोटीस साधारणपणे आकारणी वर्ष संपल्यापासून सव्वातीन वर्षांपर्यंत येऊ शकते. लपलेलं उत्पन्न ५० लाख किंवा जास्त असल्याचा पुरावा असेल तर सव्वापाच वर्षांपर्यंत. म्हणजे २०१८-१९ या आर्थिक वर्षाचं आकारणी वर्ष ३१ मार्च २०२० ला संपलं, आणि लांबात लांब मुदतही ३० जून २०२५ ला सरली. धंदा-व्यवसाय असेल तर हिशेबाची पुस्तकं आकारणी वर्षानंतर सहा वर्षं ठेवावी लागतात. त्यामुळे पगारदार माणसाने सात वर्षं धरली तर विवरणपत्राच्या आधाराचे कागद, म्हणजे भाडेपावत्या, विम्याच्या हप्त्यांच्या पावत्या, देणग्यांच्या पावत्या, खुशाल टाकाव्यात.

गोची होते ती खरेदीच्या कागदांची. २००५ मध्ये घेतलेल्या वस्तूचं घड्याळ २००५ मध्ये सुरूच होत नाही. ते सुरू होतं तुम्ही ती विकता तेव्हा.

सिंहगडरोडकर
हिशेबनीस यांनी शेवटी जे लिहिलंय ना, ते आमच्या घरात अक्षरशः घडलं. २००५-०६ मध्ये १२ लाखांना घेतलेला फ्लॅट आम्ही सप्टेंबर २०२४ मध्ये ६० लाखांना विकला. दुसरं घर घेतलं नव्हतं, त्यामुळे कर भरायचाच होता. २०१०-११ मध्ये सगळ्या घराची फरशी, ओटा आणि दोन्ही बाथरूम नव्याने केली होती, खर्च ३ लाख. बायकोने ठेकेदाराची बिलं 'फ्लॅट' लिहिलेल्या एका पिवळ्या पाकिटात ठेवली होती. मी दोनदा ते पाकीट रद्दीत टाकायला काढलं होतं, दोन्ही वेळा तिने परत आत ठेवलं. बिलावर ठेकेदाराचा शिक्का, कामाचं वर्णन, चौरस फूट, आणि मागे तिच्या अक्षरात चेक नंबर. बँकेने इतक्या जुन्या स्टेटमेंटसाठी हात वर केले. पण त्या काळचं पासबुक त्याच पाकिटात होतं, त्यामुळे चेक नंबर जुळला. या पाकिटाने नेमका किती फरक पडला ते हिशेबनीस सांगू शकतील, मला सीएने आकडा सांगितला पण गणित समजलं नाही.

हिशेबनीस
करून दाखवते. जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला दोन रस्ते आहेत: महागाई निर्देशांक न लावता १२.५ टक्के, किंवा निर्देशांक लावून २० टक्के. ज्यात कर कमी तो घ्यायचा. निर्देशांक २००५-०६ साठी ११७, २०१०-११ साठी १६७, २०२४-२५ साठी ३६३.

तुमचे १२ लाख गुणिले ३६३ भागिले ११७, म्हणजे सुमारे ३७ लाख २३ हजार. नुसतं एवढं धरलं तर नफा २२ लाख ७७ हजार, त्यावर २० टक्के म्हणजे साधारण ४ लाख ५५ हजार कर. आता फरशी-ओट्याचे ३ लाख गुणिले ३६३ भागिले १६७, म्हणजे ६ लाख ५२ हजार. नफा उतरला १६ लाख २५ हजारांवर, कर सव्वातीन लाख. पिवळ्या पाकिटाची किंमत १ लाख ३० हजार, सेस वेगळा. रंगकामाचं बिल असतं तर चाललं नसतं, ती डागडुजी झाली.

आणि पाकीट अजून टाकू नका. विक्री २०२४-२५ मधली, आकारणी वर्ष ३१ मार्च २०२६ ला संपतं. त्यापुढे सव्वातीन वर्षं म्हणजे ३० जून २०२९. मी तुमच्या जागी असते तर २०३१ च्या जूनपर्यंत हात लावला नसता.

नाना_वाई
कागदांना वाळवी लागू नये म्हणून लवंगा ठेवाव्यात. कडुलिंबाचा पाला वाळवून ठेवला तरी चालतो. डांबराच्या गोळ्यांनी कागद पिवळा पडतो असा माझा अनुभव आहे. लोखंडी ट्रंक भिंतीला टेकवू नये.

अवनी_प
नाना, धन्यवाद, पण प्रश्न टाकायचं काय हा आहे! (लवंगा ठेवते.)

पिंपळगावची_लेक
आजोबांचा दाखला दिसला म्हणून लिहितेय. अवनीताई, तो कागद कुठेही जाऊ देऊ नका. माझ्या भाच्याच्या जात पडताळणीला ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागला. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० आणि विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. माझ्या वडिलांचा दाखला त्या तारखेनंतरचा. आजोबांचा होता, पण शाळेत त्या काळचं रजिस्टर पावसाने भिजून पानं चिकटलेली. आमच्याकडच्या दाखल्यावर रजिस्टर नंबर होता म्हणून मुख्याध्यापकांना नेमकं पान शोधता आलं. दक्षता पथकाचे लोक शाळेत जाऊन मूळ नोंद बघतात, आपल्या हातातली प्रत तेवढ्याने पुरत नाही. पण प्रत नसती तर कुठलं पान उघडायचं हेच कळलं नसतं.

आणि घरात वडिलांकडच्या कुणाचं वैधता प्रमाणपत्र निघालं असेल तर त्याच्या झेरॉक्स सगळ्या चुलतभावंडांत वाटा. माझ्या चुलतभावाचं प्रमाणपत्र भाच्याला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. उलट त्याच फाइलमधले जुने उत्पन्नाचे दाखले आणि मुदत संपलेली नॉन-क्रिमीलेअर मी टाकून दिली. प्रवेश होऊन पदवी हातात आली, आता ती कोण विचारणार?

रोखठोक
बरं, घर आणि जात मान्य. पण फॉर्म १६ तरी टाकू द्या. सगळं ऑनलाइन दिसतं आता.

गोरेगाव_पूर्व
सगळं नाही दिसत. आपल्या नावावर किती कर जमा झाला हे दाखवणारं २६एएस विवरण २००८-०९ या आर्थिक वर्षापासून पुढचंच दिसतं. माझ्या एका वर्षाच्या परताव्यातून ३८ हजार कापले गेले, कारण पोर्टलवर आकारणी वर्ष २००८-०९ ची मागणी उभी होती. ते म्हणजे आर्थिक वर्ष २००७-०८, नेमकं ज्याचं २६एएस नाही. कंपनीने टीडीएस कापला होता, मला त्याचं श्रेय दिलंच गेलं नव्हतं. ती कंपनी केव्हाच बंद पडली. फॉर्म १६ ची सही-शिक्क्याची मूळ प्रत होती म्हणून अधिकाऱ्यासमोर बोलता तरी आलं. बरेच महिने गेले, पण मागणी निघाली. २०२४ मध्ये सरकारने २००९-१० पर्यंतच्या २५ हजारांखालच्या जुन्या मागण्या सोडून दिल्या, पण माझी त्याहून मोठी.

हिशेबनीस
म्हणून मी पाकीट उघडायला सांगते. दर वर्षाच्या पाकिटातून फॉर्म १६ आणि विवरणपत्राची पोच, दोनच कागद काढून एका फाइलमध्ये लावा. बाकीचं जाऊ द्या. चाळीस वर्षांची नोकरी एका फाइलमध्ये मावते.

एडिसनकर
इथे न्यू जर्सीत बसून ठाण्याचा वडिलोपार्जित फ्लॅट विकला. वर सिंहगडरोडकरांना जो २० टक्क्यांचा पर्याय मिळाला तो आम्हा अनिवासींना नाही. खरेदीची किंमत बाबांनी दिलेली तीच धरतात, त्यामुळे त्यांचा करारनामा आणि मुद्रांक शुल्काची पावती दोन्ही मागितली. ती असल्याशिवाय टीडीएस कमी करायचं प्रमाणपत्र मिळालं नसतं, आणि मग घेणाऱ्याने जवळजवळ पूर्ण किमतीवर कर कापला असता. परदेशातल्या मुलांनी पुढच्या खेपेला हे कागद स्कॅन करून न्या. मूळ प्रत मात्र भारतातच, जबाबदार माणसाकडे.

निवृत्त_बँकवाला
कर्ज विभागात उभी हयात गेली. घर तिसऱ्या-चौथ्या मालकाचं असेल तर घेणाऱ्याची बँक पहिल्या बिल्डरच्या करारनाम्यापासून सगळी साखळी मागते, आणि मूळ मागते. लोक स्वतःचा करारनामा जपतात, पण आधीच्या मालकाकडून आलेले पेपर "आता काय करायचे" म्हणून टाकतात. मग पोलिसांत हरवल्याची नोंद, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित प्रत, आणि तरीही घेणारा घासाघीस करतोच.

कर्ज फिटल्यावर पेपर परत घेताना बँकेच्या यादीशी एकेक पान ताडून बघा. १ डिसेंबर २०२३ पासून पेपर ३० दिवसांत परत द्यावे लागतात, नाहीतर दिवसाला ५ हजारांची भरपाई. हप्त्यांची स्टेटमेंटं टाका, पण कर्ज फिटल्याचं पत्र घर असेपर्यंत ठेवा. जुनी विजेची बिलं मी टाकली असती. ताब्याचा वाद असेल तरच ठेवा.

भांडुपची_मावशी
टाकायचं म्हणजे रद्दीवाल्याला द्यायचं नाही हं! मला भेळ ज्या कागदात मिळाली त्यावर कुणाचा तरी पॅन नंबर, पत्ता आणि खाते क्रमांक सुबक टाइप केलेला होता. मी तेव्हापासून कागद बादलीत रात्रभर भिजवते आणि लगदा करून कुंड्यांत घालते. आधी पिना काढा.

अवनी_प
खूप उपयोग झाला. एक प्रश्न उरलाय. बाबांच्या फ्लॅटचा करारनामा १९८३ चा, साध्या स्टॅम्प पेपरवरचा, नोंदणी न झालेला. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट बाबांच्या नावावर आहे. शेअर सर्टिफिकेट असताना तो करारनामा ठेवायलाच हवा का?

निवृत्त_बँकवाला
ठेवायलाच हवा. बाबांकडे हक्क आला कुठून, हे तोच कागद सांगतो. शेअर सर्टिफिकेट सोसायटीचं सभासदत्व दाखवतं.

हिशेबनीस
करासाठी मला तो तेवढा महत्त्वाचा वाटत नाही. २००१ पूर्वीच्या घराला १ एप्रिल २००१ चं मूल्यांकन धरता येतं, ते मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून आजही मिळतं. पण विक्रीच्या वेळी वकील काय म्हणेल ते वेगळं.

सिंहगडरोडकर
आमच्या इमारतीत असाच १९८० च्या दशकातला एक फ्लॅट विकला गेला. घेणाऱ्याचे वकील मुद्रांक शुल्कावर अडले होते, शेवटी कसं मिटलं ते विचारून इथेच लिहितो. तोपर्यंत फाडू नका.