मदत हवी आहे: सणाच्या तोंडावर दरवाढ, गिऱ्हाइकांना कसं कळवावं?

मेणवात: सुगंधी मेणबत्त्या करून विकतो. मेण आणि काचेचे डबे ३० टक्क्यांनी महागलेत. सणाला पाच आठवडे आहेत. दर वाढवण्याआधी जुन्या दरात घ्यायची संधी द्यायची आहे. मजकूर असा: 'महागाईमुळे लवकरच दर वाढतील, त्वरा करा!' चालेल का?

उंबरठा: कारण सांगत बसू नका, लोक वाद घालतात. कच्चा माल ३० टक्के महागला ना, मग दरही ३० टक्के वाढवा. तारीख मात्र ठळक लिहा.

हिशेबनीस: तारखेचं बरोबर, ३० टक्क्यांचं नाही. विक्रीच्या १०० मधले मेण-डब्यांचे ४० असतील, तर त्यावर ३० टक्के म्हणजे १२. दर ११२ व्हायला हवा. कारण सांगून जास्त वाढवलंत, तर मेणाचा भाव माहीत असलेलं गिऱ्हाईक लगेच ओळखेल. मेणवात, जुन्या भावाचा माल किती उरलाय?

मेणवात: खर्च साधारण ४० टक्केच. तयार नग ६०, मेण-डबे आणखी ८० पुरतील इतके.

हिशेबनीस: मग जुन्या दरात १४० नगच द्या आणि आकडा लिहा. आकडा नसेल, तर दोनशेची मागणी येते आणि उरलेले साठ महाग मालातून पदरमोड करून करावे लागतात. ८० नगांना मुरायला दोन आठवडे लागतील, म्हणून ते कधी मिळतील तेही आधीच सांगा. मजकूर असा ठेवा:

'मेण आणि डबे महागल्याने १६ तारखेपासून आमचे दर १२ टक्क्यांनी वाढतील. जुन्या भावाच्या मालातून १४० मेणबत्त्या होतील. त्या १५ तारखेला रात्री ९ पर्यंत, किंवा संपेपर्यंत, जुन्या दरात मिळतील. पहिल्या ६० लगेच, बाकीच्या सणाच्या आठवडाभर आधी. पैसे जमा झाले की नोंद पक्की. आधी नोंदवलेल्या मागण्यांना जुनाच दर.'

शेवटचं वाक्य गाळू नका, जास्तीत जास्त फोन त्याच शंकेवरून येतात. 'त्वरा करा' काढाच, आकडा आणि तारीख असताना त्याची गरज नाही.

सुईदोरा: मी शिवणकाम करते. सणाला सूट द्यायची, तर आधी दर वाढवून मग कमी केला तर चालतो ना?

हिशेबनीस: ताई, इथे प्रश्न सूट देण्याचा नाही. पण तसं करू नका. आज घाईने घेतलेल्याला पुढच्या आठवड्यात तोच माल स्वस्त दिसला, तर तो तुमच्या पुढच्या कुठल्याही सूचनेवर विश्वास ठेवणार नाही. मेणवात, हे तुम्हालाही लागू: १६ नंतर सण होईपर्यंत सूट नको, आणि १५ ची मुदत वाढवायची नाही.

उंबरठा: नियमितांना दोन दिवस आधी कळवलं तर? नाहीतर एखादा दुकानदार येऊन शंभर उचलेल.

हिशेबनीस: त्यासाठी माणशी सहाची मर्यादा घाला. नियमितांना आधी कळवणं मला पटत नाही, बाकीच्यांना उरलंसुरलंच मिळतं.

मेणवात: पण वर्षभर घेणारे पंधरा-वीस जण आहेत, त्यांना सगळ्यांबरोबर कळवणं जिवावर येतं. सहाची मर्यादा मजकुरात टाकतो. त्यांच्यासाठी ३० नग वेगळे ठेवून तसं उघड लिहिलं, तर चालेल?