अनुभव धागा: पहिली सॅलरी स्लिप तुम्हाला कोणी समजावली?

मृण्मयी_कोथरूड
काल भाचीने व्हॉट्सॲपवर स्लिपचा फोटो पाठवला. पहिलीच नोकरी. "मावशी, पॅकेज 4 लाख 80 हजार, म्हणजे महिन्याला 40 यायला हवेत ना? 34,614 आलेत." मला आमच्या अकाउंट्समधले काका आठवले. पहिल्या पगाराला स्लिपच्या पाठीवर पेन्सिलने हिशोब मांडून द्यायचे.

फोटोत खालचा भाग कापला गेला होता, तो परत मागवला. बेसिक 18,000, एचआरए 7,200, स्पेशल अलाउन्स 11,774. ग्रॉस 36,974. म्हणजे 40 पासूनच 3,026 कमी. ते खालच्या कापलेल्या भागात होते: कंपनीचा पीएफ 2,160 आणि ग्रॅच्युइटी 866. पॅकेजमध्ये धरतात, पण हातात येत नाहीत. मग ग्रॉसमधून तिचा स्वतःचा पीएफ 2,160 आणि प्रोफेशनल टॅक्स 200 गेला. टीडीएस शून्य. जुळलं.

तुम्हाला कोणी समजावलं होतं? लिहा.

सावंत_डोंबिवली
मला कोणीच नाही. लोकलमध्ये शेजारी बसलेल्या माणसाने सांगितलं, बेसिकच्या 12 टक्के पीएफ. अजून त्यांचे आभार मानतो.

आर्या२२
पण बायकांना पीटी माफ आहे ना आता? तिचे 200 परत मागा.

देशपांडे_पेरोल
माफी महिना 25 हजारांपर्यंतच आहे, एप्रिल 2023 पासून. तिचा ग्रॉस 37 च्या घरात, म्हणून 200 बरोबर. फेब्रुवारीत 300 कापतील, तेव्हा घाबरू नका. वर्षाचे 2,500 असे पुरे होतात.

निखिल_एन
माझेपण 10% कापतात दर महिन्याला, कुठे जातात काही कळत नाही. कंटेंट लिहितो, तीन क्लायंट.

मृण्मयी_कोथरूड
निखिल, तो टीडीएस. तुझ्या पॅनवर जमा होतो, 26AS मध्ये दिसेल. रिटर्न भर, कर बसत नसेल तर परत मिळेल. पीएफ नाही तो.

गजानन_नाशिक
ताई, एक राहिलं. कंपनीच्या 2,160 पैकी 1,250 पेन्शनला जातात, 910 च पीएफला. आमच्या कारखान्यात सगळ्यांचं असंच. पोरीला सांगा, म्हातारपणी कामाला येईल.

देशपांडे_पेरोल
गजाननभाऊ, तुमचं जुन्या सभासदांसाठी अगदी बरोबर. पण हिची पहिलीच नोकरी आणि बेसिक 15 हजारांच्या वर. 1 सप्टेंबर 2014 नंतर अशा पगारावर पहिल्यांदा पीएफमध्ये आलेला माणूस पेन्शन योजनेत येतच नाही. तिचे कंपनीकडचे पूर्ण 2,160 पीएफलाच जायला हवेत. स्लिपवर हे कळत नाही, तिथे एकच आकडा असतो. यूएएन चालू करून पासबुक उघडा. तिथे पेन्शनचा वेगळा रकाना असतो, त्यात शून्य दिसलं पाहिजे. सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांना एकच नियम लावलेला असला की 1,250 तिथे जातात, आणि चार-पाच वर्षांनी पैसे काढताना किंवा ट्रान्सफर करताना क्लेम अडकतो. मी असे अर्ज बघितलेत, पोरं रडकुंडीला येतात.

सावंत_डोंबिवली
बापरे. हे तर मलाही नवीन.

केतकी_जे
भात लावून आले, वाचतेय. आमच्याकडे बेसिक 30 आहे तरी 1,800 च कापतात. चूक आहे का?

देशपांडे_पेरोल
नाही. 15 हजारांवर 12 टक्के म्हणजे 1,800. तेवढाच कापायची कंपनीला मुभा आहे.

केतकी_जे
मग भाचीनेही 1,800 करून घ्यावा. हातात 360 जास्त. कोथरूडला पीजीचं भाडं काय झालंय माहितेय ना.

गजानन_नाशिक
अजिबात नको. 2024-25 ला सव्वाआठ टक्के व्याज दिलंय, बँकेत कुठे मिळतं? आणि कंपनीचा वाटाही कमी होईल तो वेगळा.

केतकी_जे
भाऊ, पण पहिल्या वर्षी डिपॉझिट, गादी, गॅस सगळं एकदम येतं. व्याज नंतर बघू. कंपनीचे 360 अलाउन्समध्ये मागायचे.

आर्या२२
केतकीताई, पीजी शोधताय का कोणासाठी? कर्वेनगरला आमच्या वरच्या मजल्यावर एक जागा आहे, मुलींसाठी. डबा नाही.

मृण्मयी_कोथरूड
आर्या, व्यनि कर, भाचीलाच हवीय.

देशपांडेसाहेब, तिच्याकडून आत्ता पासबुक उघडून घेतलं. पेन्शनच्या रकान्यात 1,250. नियोक्त्याच्या रकान्यात 910.

देशपांडे_पेरोल
वाटलंच होतं. एकाच महिन्याचं आहे, लवकर सापडलं. एचआरला ईमेलवर लिहायला सांगा, तोंडी नको. तीन गोष्टी लिहा: रुजू झाल्याची तारीख, पहिलीच नोकरी, बेसिक 18,000. जॉइन होताना भरलेला फॉर्म 11 जोडा, त्यात "आधी पीएफ सभासद होतो का" याला काय उत्तर दिलंय ते आधी तपासा. तिथे चुकून "हो" असेल तर कंपनी त्यावरच बोट ठेवेल. गेलेल्या महिन्याची दुरुस्ती कंपनीनेच पीएफ ऑफिसकडे मागायची असते, तिला थेट करता येत नाही.

मृण्मयी_कोथरूड
फॉर्मची प्रत तिच्याकडे नाहीये. उद्या मागते म्हणाली.