शब्दचर्चा: स्क्रीनच्या 'फ्लिकर'ला मराठीत काय म्हणावं?

कोथरूडकर: ऑफिसात नव्या मॉनिटरसाठी मराठीत अर्ज लिहितोय. ब्राइटनेस ३० च्या खाली आणला की तासाभरात कपाळ ठणकतं. पूर्ण ठेवला तर डोळे दिपतात. 'स्क्रीन लुकलुकते' असं लिहिलं, तर साहेब म्हणाले, "मला तर स्थिर दिसते." काय लिहू?

नारायणपेठी: तारे लुकलुकतात, वात फडफडते. मंद उजेडाला मिणमिण म्हणतात. तुमची स्क्रीन मिणमिणतेय.

हिंजवडीकर: रिफ्रेश रेट ६० असेल, १४४ करा. फ्लिकर जाईल.

बॅकलाइट: त्याने हालचाल नितळ दिसेल, हे दुखणं जाणार नाही. बऱ्याच मॉनिटरमध्ये उजेड कमी करताना मागचा दिवा मंद होत नाही, तो भराभर लावला-विझवला जातो. समजा सेकंदाला २४० वेळा. एक फेरी साधारण ४ मिलिसेकंदांची. ब्राइटनेस २५ टक्के असेल तर दिवा १ मिलिसेकंद पेटतो आणि ३ विझलेला राहतो. डोळ्याला सरासरी उजेड दिसतो, म्हणून साहेबांना स्थिर वाटतं. लुकलुक दिसते, ही दिसत नाही. मी 'दिव्याची उघडझाप' म्हणतो.

साहेबांना दाखवाच. ब्राइटनेस २० करा, पांढरं पान उघडा, मोबाइल कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/२००० ठेवा. काळे पट्टे दिसतील. ब्राइटनेस १०० केल्यावर ते गेले, तर उघडझाप नक्की.

धायरी: आमच्याकडे संध्याकाळी ट्यूब फडफडते. महावितरणकडे तक्रार करू का?

बॅकलाइट: करा, पण ते दुखणं वेगळं.

कोथरूडकर, पट्टे जातील तिथपर्यंत मॉनिटरच्या बटणांनी ब्राइटनेस वाढवा. उरलेला उजेड कॉम्प्युटरमधून उतरवा. लिनक्सच्या Xorg सत्रात:

```
xrandr --output HDMI-1 --brightness 0.6
```

`HDMI-1` च्या जागी तुमच्या पोर्टचं नाव. नुसतं `xrandr` चालवलं की ते दिसतं. पांढरा रंग थोडा करडा होईल, काळा मात्र तसाच राहील, त्यामुळे फोटोच्या कामाला हे चालणार नाही.

नवा घेताना 'डीसी डिमिंग' आहे का ते विचारा. त्यात दिव्याचा प्रवाहच कमी होतो. 'फ्लिकर-फ्री' शिक्क्यावर विसंबू नका, काही मॉनिटर खालच्या ब्राइटनेसला उघडझाप करतात. दुकानात ब्राइटनेस शून्यावर आणायला लावून मोबाइल धरा.

नारायणपेठी: उघडझाप पापण्यांची हो! साहेबांना वाटेल, तुमच्याच डोळ्यांत दोष आहे.

कोथरूडकर: म्हणून 'दिव्याची' आधी लिहिलंय. पट्टे ४५ पर्यंत दिसले, वर नाहीत. आता मॉनिटर ५० वर, आज्ञेत ०.६. ठणका बराच कमी झाला, पण दुपारनंतर थोडा येतोच.

बॅकलाइट: ऑफिसातल्या एलईडी दिव्यांकडेही तोच कॅमेरा धरून बघा.