आयोडीन क्लॉकच्या रिपोर्टचं अ‍ॅब्स्ट्रॅक्ट दोनदा परत आलंय, मदत हवी आहे

मृण्मयी_टीवाय: उद्या सकाळी सबमिशन आहे. मर्यादा १५० शब्द. मॅडमनी शेरा मारलाय: "ही कृती झाली, निष्कर्ष कुठाय?" माझी सुरुवात: "या प्रयोगात प्रथम द्रावणे तयार केली, मग स्टॉपवॉच सुरू करून निळा रंग येईपर्यंत वेळ मोजला..." कसं बदलू?

जुना_लॅबवाला: स्टार्च शेवटी घालायचा असतो, सुरुवातीला घातला की चुकतं.

रेखा_कुलकर्णी: दादा, ते टायट्रेशनमध्ये. इथे स्टार्च आधीपासूनच हवा, नाहीतर निळा होण्याचा क्षण कळणार कसा? मृण्मयी, पेरॉक्साइडवाला प्रयोग की पर्सल्फेटवाला? रीडिंग दे. पातळ करायला पाणी वापरलंस की KNO3?

मृण्मयी_टीवाय: पर्सल्फेट. KNO3 वापरलं, मॅन्युअलमध्ये होतं म्हणून. २७ अंश. मिश्रणात आयोडाइड ०.०८, पर्सल्फेट ०.०४, थायोसल्फेट ०.००१ मोलर: ३९ सेकंद. आयोडाइड निम्मं: ८०. पर्सल्फेट निम्मं: ७६. k आला ०.००८०.

सोहम_पीएचडी: k कशाला? १/t पुरे, ऑर्डर तेवढ्यावर निघते. आमच्या पेरॉक्साइडच्या प्रयोगात आम्ही तेच लिहिलं होतं.

रेखा_कुलकर्णी: ऑर्डरपुरतं बरोबर आहे, पण k काढलाय तर तो द्यायलाच हवा. मात्र तो दुप्पट आलाय. एक आयोडीन दोन थायोसल्फेट खातं, म्हणून वेग काढताना ०.००१ ला २ × ३९ ने भागायचं. ०.००००१२८ येतात. त्याला ०.०८ × ०.०४ ने भागलं की ०.००४०.

आता अ‍ॅब्स्ट्रॅक्ट. पहिल्या वाक्यातच काय शोधलं ते यावं, कृतीला एक वाक्य, बाकी सगळे आकडे. असं काहीसं: "पर्सल्फेट-आयोडाइड अभिक्रियेचा वेगनियम २७ अंशांवर प्रारंभिक वेगांवरून ठरवला. ठरावीक थायोसल्फेट संपून निळा रंग येईपर्यंतचा वेळ मोजला. आयनिक तीव्रता KNO3 ने स्थिर ठेवली. आयोडाइडची ऑर्डर १.०४, पर्सल्फेटची ०.९६ आणि k ०.००४० लि./मोल·सेकंद मिळाला." स्टॉपवॉच, बीकर काही नको. KNO3 चा उल्लेख मात्र ठेव. दोन्ही आयन ऋणभारित आहेत, त्यामुळे नुसत्या पाण्याने पातळ केलं असतं तर वेग जास्तच मंदावून ऑर्डर फुगली असती. वाचणारा तेच आधी तपासतो.

सोहम_पीएचडी: १.०४ काय लिहायचं? सरळ १ लिही.

रेखा_कुलकर्णी: मोजलेलं लिहायचं, आणि पुढे "प्रत्येकी १ शी सुसंगत". पण ते म्हणायला त्रुटी हवी. किती वेळा रीडिंग घेतलंस?

मृण्मयी_टीवाय: दोनदा. ३९ आणि ८० ही सरासरी आहे. मूळ आकडे रूममेटच्या वहीत.

जुना_लॅबवाला: दोन रीडिंगवर त्रुटी काढणार? आमच्या वेळी तीन सक्तीची होती.

रेखा_कुलकर्णी: दोनच असतील तर दोघांतला फरक दे, प्रमाण विचलन नको. आणि ७६ पुन्हा बघ, रंग हळूहळू आला होता की एकदम?

मृण्मयी_टीवाय: एकदम. वही आणायला चाललेय.