'इंटरनॅशनल' आणि 'ग्लोबल': नावातला शब्द कंपनीचा आकार सांगतो का?

मोंढा वसमत
आमच्या मोंढ्यात हळद घेणारी एक नवी फर्म आली आहे. नावाच्या शेवटी 'इंटरनॅशनल' आहे. गाळा एक, काटा एक, माणसं दोन. माल 15 दिवसांच्या उधारीवर मागतात. एवढ्याशा फर्मला असं नाव लावता येतं का? आणि या शब्दाचा नेमका अर्थ तरी काय धरायचा?

लातूरकर
नाही लावता येत. 'इंटरनॅशनल' लावायचं तर एक कोटी भांडवल दाखवावं लागतं. आमच्याकडच्या एका सीएंनीच सांगितलं होतं. भांडवल नसेल तर नाव खोटं आहे, सरळ तक्रार करा.

करसल्लागार, संभाजीनगर
लातूरकर, तुम्ही म्हणता तो नियम होता, पण आता नाही. कंपनीच्या नावात 'इंटरनॅशनल', 'ग्लोबल' असे शब्द पहिले आले तर एक कोटी आणि नावात पुढे कुठे आले तर 50 लाख अधिकृत भांडवल लागायचं. नावांचे सध्याचे नियम 2014 चे, नंतर दुरुस्त झालेले. त्यांत ही अट नाही.

त्या जुन्या अटीतही 'अधिकृत' हा शब्द नीट वाचायला हवा. अधिकृत भांडवल म्हणजे कंपनीला जास्तीत जास्त किती रकमेचे शेअर काढता येतील ती मर्यादा. तेवढे पैसे कोणी भरलेले असतात असं नाही, मर्यादा मोठी ठेवली तर नोंदणीची फी तेवढी वाढते. खरोखर आत आलेली रक्कम म्हणजे भरणा झालेलं भांडवल. म्हणून एक कोटीची अट होती त्या काळातही नावावरून तिजोरी कळत नव्हती.

शिवाय ही अट फक्त नोंदलेल्या कंपन्यांना होती. एकट्या मालकाच्या किंवा भागीदारीच्या फर्मला ती कधीच लागू नव्हती. मोंढ्यातल्या फर्मच्या नावापुढे 'प्रायव्हेट लिमिटेड' आहे का, ते आधी सांगा.

मोंढा वसमत
नाही. नुसतं 'इंटरनॅशनल' आहे.

शब्दांची वही, अंबाजोगाई
अर्थाचं मी सांगते. 'इंटरनॅशनल' हा इंग्रजी शब्द इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथम यांनी 1780 च्या दशकात घडवला, तोही व्यापारासाठी नव्हे. राष्ट्राराष्ट्रांमधल्या कायद्याला नाव हवं होतं म्हणून. म्हणजे मुळात तो दोघांमधला संबंध सांगणारा शब्द आहे, मोठेपणा सांगणारा नाही. आपला 'आंतर' हेच काम करतो. आंतरजातीय लग्नाला माणसं दोनच लागतात, आंतरजिल्हा बदली एकाच शिक्षकाची होते. तसं वसमतहून एक पोतं हळद दुबईला गेली तरी तो व्यवहार आंतरराष्ट्रीयच. 'ग्लोबल'चं वेगळं आहे. त्यात सगळं जग येतं, म्हणून तो शब्द जास्त मोठा दावा करतो.

पण नावाच्या शेपटाला आला की हा शब्द विशेषण राहत नाही. 'अमुक ट्रेडर्स', 'अमुक एंटरप्रायझेस' यांच्यासारखाच तो नामाचा भाग होतो. 'आंतरराष्ट्रीय कंपनी' आणि 'अमुक इंटरनॅशनल' यांतला फरक आपण बोलताना विसरतो आणि घोटाळा होतो तो तिथेच. काहीजण 'अंतरराष्ट्रीय' लिहितात तेही टाळावं. 'अंतर्गत'मधला 'अंतर्' म्हणजे आतला, अर्थ थेट उलटा होतो.

वाळूजचा वर्कशॉपवाला
आमची कंपनी तीन माणसांची आणि नावात 'ग्लोबल'. कारण एवढंच की आधी दिलेली दोन्ही नावं दुसऱ्या कंपन्यांशी जुळतात म्हणून नाकारली. तिसरं 'दुबई' घालून दिलं, तर त्यालाही पुरावा मागितला. 'ग्लोबल' घातल्यावर कोणी काही विचारलं नाही. 'दुबई'ला पुरावा लागतो आणि सगळ्या जगाला लागत नाही, हे कामून?

करसल्लागार, संभाजीनगर
नियमच तसा आहे. परदेशातल्या देशाचं किंवा शहराचं नाव कंपनीच्या नावात घालायचं तर तिथल्या व्यापारसंबंधाचा पुरावा द्यावा लागतो, तिथल्या कंपनीशी केलेला सामंजस्य करार वगैरे. 'बँक', 'इन्शुरन्स' यांना त्या त्या नियामकाची मंजुरी लागते, 'नॅशनल'ला केंद्र सरकारची. 'ग्लोबल' आणि 'इंटरनॅशनल' यांतल्या कशातच बसत नाहीत.

उलट 'प्रायव्हेट लिमिटेड' हे शब्द नोंदणी नसताना वापरणं गुन्हा आहे, दररोज 500 ते 2,000 रुपये दंड होतो. लातूरकर, तक्रार करता येते ती अशा ठिकाणी.

आई, बीड
इथेही तीन इंटरनॅशनल स्कूल झाल्या आहेत. मग त्यांत मुलाला घालावं की नाही?

करसल्लागार, संभाजीनगर
ताई, तो प्रश्न वेगळा. शाळेच्या बाबतीत नाव सोडा, संलग्नता कोणत्या मंडळाची आणि तिचा क्रमांक काय ते लेखी मागा. त्यापुढचं मी सांगू शकणार नाही.

मोंढ्यातल्या दादांकडे परत येतो. त्या फर्मचं एक बिल घ्या आणि जीएसटी क्रमांक पाहा. तो असा दिसतो:

```
27XXXPX0000X1Z0
```

पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राला 27. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. डावीकडून सहावं अक्षर बघा. तिथे P असेल तर मागे एकटा माणूस आहे, F असेल तर भागीदारी किंवा एलएलपी, C असेल तर कंपनी, H असेल तर हिंदू अविभक्त कुटुंब. वरच्या नमुन्यात P आहे, म्हणजे नाव कितीही लांब असलं तरी पैसे बुडाले तर ते त्या एका माणसाकडूनच वसूल करायचे.

मग gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये तो क्रमांक टाका. लॉगिन लागत नाही. तिथे Legal Name आणि Trade Name वेगवेगळे दिसतील. 'इंटरनॅशनल' हे Trade Name असतं आणि Legal Name मध्ये मालकाचं स्वतःचं नाव येतं. उधारीच्या चिठ्ठीवर सही त्याच नावाच्या माणसाची घ्या. पुतण्या किंवा मुनीम सही करत असेल तर माल सोडू नका. नोंदणीची तारीख आणि खाली विवरणपत्रं भरल्याचा तक्ताही बघा. नोंदणी चार महिन्यांची आणि शेवटची दोन विवरणपत्रं भरलेली नसतील तर 15 दिवसांची उधारी मी देणार नाही.

लातूरकर
आणि C निघाला तर? मग तरी भांडवलावर भरवसा ठेवता येईल ना?

करसल्लागार, संभाजीनगर
कंपनी असेल तर तिच्या बिलावर 21 अक्षरी नोंदणी क्रमांक छापलेला असलाच पाहिजे. mca.gov.in वर तो टाकला की दोन्ही भांडवलं दिसतात. अधिकृत 15 लाख आणि भरणा 10 हजार असं चित्र नेहमी दिसतं, कारण 15 लाखांपर्यंत केंद्राची नोंदणी फी लागत नाही, म्हणून सगळे मर्यादा तिथवर ठेवतात. 2015 पर्यंत खासगी कंपनीला किमान एक लाख भरणा लागायचा, ती अटही गेली. तरी 10 हजार भरणा असलेली कंपनी कोटींची उलाढाल करणारीही असू शकते, तेव्हा हा आकडा एकटा पुरेसा नाही.

मोंढा वसमत
बिल पाहिलं. सहावं अक्षर P आहे. नोंदणी तीन वर्षांपूर्वीची आणि विवरणपत्रं नियमित. पण माल खरंच बाहेर पाठवतात का, ते कसं कळणार?

करसल्लागार, संभाजीनगर
निर्यातीला आयईसी, म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्याचा क्रमांक लागतो. आता तो पॅनच्याच क्रमांकाचा असतो, 500 रुपयांत मिळतो. तो असणं म्हणजे माल गेला असं नाही. एखादं शिपिंग बिल, म्हणजे माल बाहेर पाठवताना कस्टम्सकडे भरलेला कागद, दाखवायला सांगा. खरा निर्यातदार निदान दर झाकून तरी दाखवतो.

शब्दांची वही, अंबाजोगाई
मला मात्र वाटतं, नावात 'ग्लोबल' घेणाऱ्याला काही तरी पुरावा मागायला हवा. नियम बदलला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही.

वाळूजचा वर्कशॉपवाला
पुरावा मागितला तर नवीन माणसानं सुरुवातच कशी करायची? नाव आधी घ्यावं लागतं, ऑर्डर नंतर येते.

मोंढा वसमत
शिपिंग बिल सोमवारी आणतो म्हणाले. तोवर पाच क्विंटल रोखीनं देतो आहे.