'इन्फॉर्म एसओएस' मराठीत कसं लिहायचं?

रातपाळी: सर्जिकल वॉर्डात डॉक्टरांची हँडओव्हर नोट इंग्रजीत असते. मावशी-मामांसाठी आम्ही तिचा मराठी कागद करतो. नोटेतले सिच्युएशन, बॅकग्राउंड, असेसमेंट हे भाग जमतात, अडतं ते शेवटच्या रेकमेंडेशनपाशी. उदाहरणार्थ: 'आतड्याचं ऑपरेशन, पहिला दिवस, वॉचर. मॉनिटर युरिन आउटपुट, इन्फॉर्म एसओएस.' सरळ भाषांतर होतं, 'लघवीवर लक्ष ठेवावे, गरज वाटल्यास कळवावे.' हे वाचून रात्री तीनला कोण फोन उचलेल?

शब्दप्रेमी: एसओएस म्हणजे जहाजाची संकटाची हाक. 'तातडीने कळवा' लिहा की.

जुना रेसिडेंट: जहाजाचं खरं, पण औषधाच्या कागदावरचा एसओएस लॅटिनमधून आलाय, 'गरज पडल्यास'. तापाची गोळी एसओएस लिहितात ती तशीच. या नोटेतली तातडी 'वॉचर'मध्ये आहे. आत्ता ठीक दिसतोय, पण बिघडेल अशी डॉक्टरांना धास्ती आहे. आणि गरज कधी, तो आकडा त्यांच्या डोक्यातच राहिलाय. मोठ्या माणसाला साधारण किलोमागे तासाला अर्धा मिली लघवी व्हायला हवी, म्हणजे 60 किलोच्या पेशंटला 30 मिली. तरी आपण अंदाजाने लिहू नये, डॉक्टरांना विचारून घ्यावं. मग मी असं लिहीन:

'आत्ता ठीक दिसतात, पण रात्रीत बिघडू शकतात. दर तासाला लघवी मोजून लिहायची. सलग दोन तास, प्रत्येक तासाला 30 मिलीपेक्षा कमी भरली तर लगेच सिस्टरना सांगायचं. सिस्टरनी नळी दुमडली नाही ना ते बघून तेव्हाच ड्युटी डॉक्टरांना फोन करायचाच. राउंडची वाट पाहायची नाही.'

नातेवाईक: आमच्या वडिलांना 'स्टेबल' सांगितलं, आम्ही घरी बरे झाले म्हणून कळवलं. दुसऱ्या दिवशीही ते आयसीयूतच.

जुना रेसिडेंट: स्टेबल म्हणजे 'आहे तसेच आहेत', बरे झाले असं नाही. पण इथला प्रश्न वॉर्डातल्या कागदाचा आहे.

शब्दप्रेमी: 'करायचाच' उद्धट वाटतं. 'करावा' पुरे.

रातपाळी: 'करावा' भिंतीवरच्या सूचनेसारखं वाचलं जातं आणि तसंच सोडूनही दिलं जातं. 'च' हवाच. पण 30 मिली मोजायची कशी? साध्या युरोबॅगवरच्या खुणा शंभर-शंभरच्या. आमचे मामा पिशवी उचलून 'थोडी आहे' म्हणतात.

जुना रेसिडेंट: मग युरोमीटर मागा, म्हणजे बारीक खुणांचं माप असलेली लघवीची पिशवी. नसेल तर दर तासाला पिशवी मापाच्या भांड्यात रिकामी करायची, हेही कागदावर लिहा. पिशवी पुन्हा पुन्हा उघडल्यानं जंतू शिरायची भीती असते, म्हणून हात धुऊन, ग्लोव्हज घालून, नळीचं तोंड भांड्याला न लावता.

रातपाळी: हे जमेल. आजच्या नोटेत 'लो थ्रेशोल्ड टू कॉल' आहे. 'जरा शंका आली तरी फोन करा' लिहिलं, तर मामा विचारतात, शंका कुणाला यायची, मला की सिस्टरना?